काट्यावरचे दोन किलो

पुतणीचं लग्न मे महिन्यात होतं आणि मार्चमध्ये माझं वजन ७४.६ किलो भरलं. आमच्या इमारतीतली एक ओळखीची बाई ‘डिटॉक्स चहा’ विकायची. पाकिटावर हिरवं पान, खाली ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढतो, ७ दिवसांत ५ किलोपर्यंत वजन कमी’. तिने आपल्याच मोबाईलवर तिघी-चौघींचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. “काकू, रात्री झोपताना एक पुडी, बाकी काही करायचं नाही,” ती म्हणाली. मात्र सोबत एक आहाराचा कागद दिला. भात, पोळी, बटाटा बंद, मीठ अगदी कमी, दोन वेळा भाज्यांचं सूप आणि ताक. त्या कागदाकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. सगळा विश्वास पुडीवर.

सोमवारी सुरुवात केली. मंगळवारी पहाटे पोटात कळा येऊन तीनदा जावं लागलं. तिला सांगितलं तर म्हणाली, “ते विष निघतंय, चांगलं लक्षण आहे.” शनिवारी सकाळी काटा ७२.३ वर होता. पाच दिवसांत दोन किलो तीनशे ग्रॅम! मी धाकट्या जावेला फोन करून सांगितलं, तिनेही पाकीट मागवलं. माझ्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट मी हीच मानते.

आठव्या दिवशी रात्री दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सकाळी ओट्याशी उभं राहवेना, छातीत मध्येच ठोका चुकल्यासारखं वाटे. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि रक्त तपासायला पाठवलं. पोटॅशियम २.९ आलं. ते साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि तिच्यात क्लोरथॅलिडोन आहे. हे औषध लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतं, त्यात पोटॅशियमही जातं. डॉक्टरांनी विचारलं, “जुलाबाचं काही घेताय का?” मी ठामपणे नाही म्हटलं. मग त्यांनी पाकीट आणायला सांगितलं.

पाकीट त्यांनी उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी होती आणि तिच्यात दुसरंच नाव सोनामुखीचं होतं, तेही लॅटिनमध्ये, कॅसिया अँगुस्टिफोलिया असं. सोनामुखी आपल्या आज्या पोट साफ व्हायला द्यायच्या, तीच ती. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे त्या पुडीत ग्रीन टीच्या खालोखाल सर्वांत जास्त काय होतं, तर जुलाबाचं औषध. समोरच्या बाजूला त्याचा उल्लेखही नव्हता. बद्धकोष्ठतेसाठी सोनामुखी चांगलं काम करते, पण डॉक्टरांना न विचारता आठवड्याहून जास्त घेऊ नये असं सांगितलं जातं. माझा कोर्स अठ्ठावीस दिवसांचा होता.

पोटॅशियमचं सिरप आणि एक दिवस दवाखान्यात देखरेख, एवढ्यावर माझं निभावलं. चहा बंद केला, पोळी-भात सुरू केला आणि चौथ्या दिवशी काट्यावर ७४.२ दिसले. डॉक्टरांकडे पुन्हा गेले तेव्हा मी जवळजवळ रडतच विचारलं, “मग गेलेले दोन किलो खोटे होते का?” ते म्हणाले, “काटा खरंच बोलला. फक्त काय गेलं ते तुम्ही विचारलं नाहीत.”

त्यांनी केस पेपरच्या मागे मांडलेला हिशेब मी घरी आणून पुन्हा केला. तो कोणालाही करता येतो. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींचा साठा. २.३ किलो चरबी जायची तर जवळपास १७,७०० कॅलरी जळायला हव्यात. माझ्या वयाच्या, घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाचा सगळा खर्च फार तर १९०० कॅलरी. म्हणजे पाच दिवस मी पाण्याशिवाय काहीही घेतलं नसतं तरी ९५०० कॅलरी, सव्वा किलोच्या आत. आणि मी तर सूप-ताक घेत होते. चरबी एवढी गेलेलीच नव्हती. जाहिरातीतलं ‘७ दिवसांत ५ किलो’ याच मापाने मोजलं तर रोज ५५०० कॅलरी जळायला हव्यात.

मग गेलं काय? भात-पोळी बंद केल्यावर यकृत आणि स्नायूंमधला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, दोन-तीन दिवसांत उतरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. मीठ कमी केल्यावर आणखी पाणी जातं. उरलेलं सोनामुखीने आतड्यांतून काढलं. अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषल्या जातात, सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात. त्यामुळे जुलाब कितीही झाले तरी जेवण अंगी लागायचं ते लागतंच, बाहेर जातं ते पाणी आणि क्षार. म्हणूनच पहिल्या चार घासांबरोबर वजन परत येतं. काही विकणारे या परतीच्या वजनालाही ‘कोर्स अर्धवट सोडला म्हणून’ असं नाव देतात आणि पुढचं पाकीट विकतात.

तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून ठेवला आहे: डोळ्यांना दाखवलेली गोष्ट खरोखर कशामुळे घडते आहे? डिटॉक्सच्या धंद्यात पुरावा नेहमी डोळ्यांना दाखवतात. मला त्या बाईने लघवीचा रंग बघायला सांगितलं होतं, तो तांबूस होईल म्हणाली होती, आणि झालाही. सोनामुखीमुळे लघवीचा रंग बदलू शकतो हे मला नंतर कळलं. रंग तिच्या पानांचा होता, माझ्या विषाचा नव्हे.

असाच एक प्रकार मी ग्राहक पेठेतल्या एका स्टॉलवर पाहिला. टबात कोमट मिठाचं पाणी, त्यात तारा लावलेला लोखंडी डबीसारखा भाग, आणि पाय बुडवून अर्धा तास बसायचं. पाणी आधी पिवळं, मग नारिंगी, शेवटी चहासारखं तपकिरी होतं आणि वर फेस धरतो. समोरची म्हातारी बाई हात जोडून बघत होती. मी स्टॉलवाल्याला विनंती केली की पाय न बुडवता एकदा यंत्र चालवून दाखवा. तो तयार होईना. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड गंजतं आणि पाण्यात उतरतं, पाय असोत वा नसोत. रिकाम्या टबातही पाणी तसंच होतं, म्हणून कोणी हे दाखवत असेल तर आधी रिकामा टब चालवायला सांगा.

आणि विषच काढायचं असेल तर विचारा, कोणतं? नाव काय, आधी रक्तात किती होतं, नंतर किती उरलं? शिशाची बाधा झालेल्या माणसाचं शिसं खरंच मोजतात, आकडा सांगतात आणि दवाखान्यात उपचार करतात. चहावाल्यांकडे नावही नसतं. आपल्या शरीरात अमोनियाचा युरिया यकृत करतं आणि तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात, रात्रंदिवस. ती बिघडली तर रक्ततपासणीत दिसतं, आणि ती चहाने दुरुस्त होत नाहीत.

‘इम्युनिटी बूस्टर’ची गोष्ट याहून अवघड, कारण तिथे डोळ्यांना दाखवायलाही काही नसतं. आजारी पडला नाहीत तर औषधाचा गुण, पडलात तर ‘नाहीतर जास्त झालं असतं’. चूक ठरण्याची सोयच ठेवलेली नसते. कोविडच्या काळात आमच्या ओळखीत घरोघरी काढे आणि गुळवेल चालू होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांत आपल्याकडे आलेल्या, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असं म्हटलं. वाद असला तरी माझ्यासारखीला त्यातून एवढं कळतं की रोज, महिनोन्महिने, स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नये आणि घेत असल्यास डॉक्टरांना सांगावं. एखाद्याला ड जीवनसत्त्व किंवा जस्त खरंच कमी असेल तर ते भरून काढल्याने फायदा होतो. मुळात पुरेसं असेल तर आणखी ओतून प्रतिकारशक्ती वाढत जात नाही.

वेष्टन वाचणं शिकले तशी त्याची मर्यादाही कळली. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक म्हणजे बनवणाऱ्याकडे परवाना आहे, एवढंच. समोरचा दावा कोणी तपासला असा त्याचा अर्थ नाही. शिवाय काही गोष्टी वेष्टनावर येतच नाहीत. भूक मारणारं सिब्युट्रामिन हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झालं, पण ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या वजन घटवणाऱ्या उत्पादनांत ते न सांगता मिसळलेलं पुढेही सापडत आलं आहे. म्हणून पुडी घेतल्यावर भूक एकाएकी मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, छाती धडधडू लागली तर ‘लागू पडतंय’ असं समजू नका. लगेच थांबा आणि पाकीट फेकून न देता डॉक्टरांकडे न्या.

मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि पैसे दिल्याची नोंद ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केली. बिल त्या बाईने दिलंच नव्हतं, मागून घ्यायला हवं होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करता येते. काही आठवड्यांनी नव्या पाकिटावरचं ‘५ किलो’ गेलं आणि ‘वजन नियंत्रणास सहायक, योग्य आहार व व्यायामासह’ असं आलं. ‘सहायक’ हा शब्द दिसला की मी आता थांबते. आहार आणि व्यायामाने जे होईल ते चहाच्या नावावर जमा करायची ती तयारी असते. मला मिळालेला आहाराचा कागद तेच काम करत होता.

जावेचं पाकीट मी माझा रक्ताचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात बंद करायला लावलं होतं, ती सुदैवाने तिसऱ्याच पुडीवर होती. परवा तिच्या आईने कुठल्याशा ‘फॅट बर्नर’ चूर्णाचा फोटो पाठवला, फक्त समोरच्या बाजूचा. मी फोन करून म्हटलं, “मावशी, मागची बाजू पाठवा, आणि तुमच्या बीपीच्या गोळीची स्ट्रिपसुद्धा.” त्या म्हणाल्या, “थांब, चष्मा घेऊन येते.”