वाईट बातमी आधी, समजूत नंतर

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका छोट्या इंजिनीअरिंग कारखान्यात मी ऑपरेटरचा सुपरवायझर झालो, आणि काही महिन्यांतच एका माणसाला ‘उद्यापासून काम नाही’ हे सांगायची पाळी माझ्यावर आली. काम सीएनसीवर गेलं होतं आणि तीन लेथपैकी एक बंद होणार होता. तेव्हा रोज रात्री वहीत टिपत गेलो. नव्याने साहेब झालेल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून त्यातलं थोडं इथे मांडतो.

माझ्या आधीच्या साहेबांनी असाच एक निरोप दिलेला मी पाहिला होता. स्वभावाने भले माणूस. त्यांनी ऑर्डर कमी झाल्याचं सांगितलं, कामाचं कौतुक केलं आणि शेवटी “बघू, काहीतरी मार्ग काढू” म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कामगार डबा घेऊन गेटवर हजर. वॉचमनने त्याला सगळ्यांदेखत अडवलं. नोकरी गेली हे त्याला तिथे, वॉचमनकडून कळलं.

म्हणून मी पहिलं वाक्य लिहून पाठ केलं: “दादा, बातमी वाईट आहे. एक लेथ बंद होतोय आणि तुमची नोकरी आज संपतेय.” त्याआधी चहापाणी नाही, घरची चौकशी नाही. हे वाक्य उशिरा आलं, तर आधीचं सगळं गोड बोलणं माणसाला फसवणूक वाटतं. वाक्य संपलं की गप्प बसायचं. ती शांतता जड जाते आणि ती भरून काढायला आपण नको ती आश्वासनं देऊन बसतो.

वेळही विचार करून ठरवली. आमची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवार टाळला. सुट्टीच्या दिवशी प्रश्न पडला तर माणसाने विचारायचं कुणाला? शनिवारी सकाळी, मशीन सुरू होण्याआधी बोललो. शिफ्टच्या मध्ये सांगून माणसाला परत लेथवर पाठवणं धोक्याचं आहे. फिरत्या चकसमोर एक क्षण लक्ष उडालं तरी हात जातो. त्या दिवसाची पूर्ण हजेरी लावली आणि त्यांना घरी जायची मोकळीक दिली. तीनच्या लोकलला अख्खी शिफ्ट बदलापूरला निघते. त्या गर्दीत दहा जणांना उत्तरं देणं टळलं.

मग प्रश्न आला, “मीच का?” इथे खरं कारण हवं. एकाच प्रकारच्या कामातल्या माणसांत जो शेवटी लागला तो आधी कमी होतो, हा कायद्याचा साधारण नियम. ज्येष्ठता यादी समोर ठेवली. तिघांत दादा शेवटचे. “तुमच्या कामात खोट नाही” हे मी तेव्हा म्हणालो, आणि यादी समोर होती म्हणून ते पटलं.

हिशोब आदल्या दिवशीच कागदावर उतरवला होता. एकूण पगार 20,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता 15,600. नोकरी सात वर्षं. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार 20,000. भरपाई दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 10,000 गुणिले सात, 70,000. ग्रॅच्युइटीला मात्र महिना 26 दिवसांचा धरतात: 15,600 भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 9,000, सात वर्षांचे 63,000. एकूण 1,53,000, शिवाय शिल्लक रजेचे पैसे. नोटिशीचे आणि भरपाईचे पैसे कमी करतानाच द्यावे लागतात. “पुढच्या महिन्यात या” म्हटलं तर कामगार कपात बेकायदा ठरू शकते. चेक तयार होईपर्यंत मी दादांना बोलावलंच नाही.

त्यांनी शेवटी विचारलं ते पैशांचं नव्हतं. “बायकोचे उपचार उल्हासनगरच्या ईएसआयसी हॉस्पिटलात चालू आहेत, ते थांबतील का?” हे मी आधी विचारून ठेवलं होतं. कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. भरलेल्या वर्गणीवर पुढचा लाभकाळ ठरतो आणि तोवर उपचार मिळतात. ते ऐकून दादा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख कारखान्याने भरावी, हे काम मी स्वतः मागे लागून करून घेतलं, कारण ती राहिली की पैसे काढताना अडतं.

माझा हिशोब जुन्या कायद्याचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई कायम आहे, पण ‘वेतन’ कशाला म्हणायचं हे बदललंय आणि शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. तेव्हा आकडे जाणकाराकडून नव्याने तपासून घ्या.

तुमच्यावर ही पाळी आली तर आधी तीन गोष्टी हातात घ्या: ज्येष्ठता यादी, हिशोबाचा कागद आणि चेक. यातलं एक जरी तयार नसेल, तर त्या माणसाला त्या दिवशी केबिनमध्ये बोलावू नका.