छापलेला पत्ता बंद होत नाही

कुरुंद्यातल्या आमच्या हळद उत्पादक गटाची वेबसाईट आम्ही बंद केली. वसमत हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढे आसपासच्या गटांनी मिळून एकाच नव्या वेबसाईटवरून विक्री करायचं ठरवलं. जुनी चालू ठेवण्यात अर्थ उरला नव्हता. पण होस्टिंगचं बिल भरायचं थांबवलं की वेबसाईट बंद झाली, असं समजणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

ओळखीच्या एका गटानं तसंच केलं होतं. डोमेनची मुदतही संपू दिली. मुदत संपल्यावर डोमेन लगेच हातचं जात नाही. काही दिवस नेहमीच्या दरात परत मिळतं, त्यानंतर महिनाभर जबर दंड भरून मिळतं आणि मग ते कुणालाही घेता येतं. जुन्या डोमेनला इतर वेबसाईटवरून दुवे असतात, गुगलवर ओळख असते, म्हणून अशी नावं हेरणारे लोक टपलेलेच असतात. या गटाच्या हळदीच्या पुड्या तेव्हाही दुकानांत होत्या आणि त्यांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सट्ट्याची वेबसाईट उघडायची. छापलेल्या पुड्या परत कशा बोलावणार?

म्हणून आम्ही आधी डोमेन कुणाच्या नावावर आहे ते पाहिलं. गावाकडे वेबसाईट करून देणारा पोरगा बहुतेक वेळा ते स्वतःच्याच खात्यात घेतो. ते गटाच्या खात्यात आणून पुढच्या बऱ्याच वर्षांचे पैसे भरून टाकले. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात. त्या खात्याचा ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन अडकलं तर ते सोडवण्याचा संदेशही तिथेच अडकतो. बँक आणि जीएसटीच्या नोंदणीत जुन्या डोमेनचा ईमेल असेल तर तोही आधी बदलून घ्या. उद्या डोमेन दुसऱ्याच्या हाती गेलं, तर त्या पत्त्यावरचं टपाल आणि पासवर्ड बदलायचे दुवे त्यालाच मिळतील.

मग जतन. आमच्या वेबसाईटवर लागवडीची माहिती, बेण्याच्या नोंदी, हळद शिजवण्या-वाळवण्याचे फोटो असं बरंच साठलं होतं. होस्टिंगवरून डेटाबेस आणि फायलींचा बॅकअप घेतलाच, पण तो उघडायला पुन्हा तीच यंत्रणा उभारावी लागते. म्हणून नुसत्या ब्राउझरमध्ये उघडेल अशी प्रतही उतरवली:

```
wget --mirror --convert-links --adjust-extension --page-requisites https://juna.example/
```

पत्ता नमुन्याचा आहे, तिथे आपला घालावा. प्रत तपासताना इंटरनेट बंद करून पानं उघडा. आमच्याकडे लागवडीच्या पानावर फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसले. ते फोटो बटण दाबल्यावर येणारे होते, त्यामुळे या आज्ञेला सापडले नव्हते. दुसरीकडे ठेवलेल्या पीडीएफही राहिल्या होत्या. सगळं हातानं उतरवून घेतलं आणि महत्त्वाची पानं web.archive.org/save वर नोंदवली.

शेवटचं काम, येणाऱ्या माणसाला नव्या जागी पोचवण्याचं. सगळी जुनी पानं नव्या वेबसाईटच्या मुखपृष्ठावर वळवणं सोपं असतं, पण हळदीच्या करप्यावरचं पान शोधत आलेला शेतकरी तिथे दुकान बघून परत जातो. गुगलही असं वळवणं बऱ्याचदा 'पान सापडत नाही' असंच धरतं. प्रत्येक पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे वळवावं. आमच्या सर्व्हरवर .htaccess फाईलमध्ये एकेका पानासाठी अशी ओळ घातली:

```
Redirect 301 /karpa.html https://nava.example/karpa/
```

301 म्हणजे बदल कायमचा. 302 लिहिलं तर तो तात्पुरता समजला जातो. ज्याला नवं पान नाही, त्याला 410 उत्तर द्यावं, म्हणजे ते कायमचं काढलंय हे शोधयंत्रांना कळतं. तपासायला `curl -I` पुढे जुना पत्ता लिहा. पहिल्या ओळीत 301 आणि Location पुढे नवा पत्ता दिसला पाहिजे.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. डोमेन ठेवलं, पण सर्व्हर सोडून दिला, तर वळवणार कोण? उत्तर द्यायला लहानसा का होईना, सर्व्हर चालू लागतो आणि त्यावर जुन्या डोमेनचं https प्रमाणपत्रही जिवंत लागतं. प्रमाणपत्राची मुदत संपली की नव्या पानाऐवजी आधी धोक्याची सूचना येते आणि गिऱ्हाईक तिथूनच माघारी फिरतं. म्हणून प्रमाणपत्र आपोआप नवं होईल अशी व्यवस्था ठेवा आणि अधूनमधून पुडीवरचा कोड स्वतः स्कॅन करून बघा.

वळवणं निदान वर्षभर ठेवावं, असं गुगल सांगतं. आमच्या पुड्यांवर पत्ता छापलेला असल्यानं आम्ही ते डोमेन असेपर्यंत ठेवणार आहोत. नूतनीकरणाची सूचना एकाच माणसाकडे जाऊ देऊ नका. आमच्याकडे ती गटाच्या अध्यक्षांना येते आणि मलाही.