स्क्रीनशॉटमधल्या रेषेवरून समीकरण: पळसदरी ते लोणावळा

दहावीच्या निर्देशक भूमितीत मुलं रेषेचा चढ काढायला शिकतात. दोन बिंदू दिले की सूत्रात किंमती घालून उत्तर येतं, त्यात फारशी अडचण नसते. अडचण येते ती बिंदू दिलेले नसतात तेव्हा. मोबाईलवर आलेखाचा एक स्क्रीनशॉट येतो, त्यात एक तिरपी रेषा असते आणि प्रश्न असतो, 'या रेषेचं समीकरण लिहा.' इथे बिंदू आपणच वाचायचे असतात, आणि चुका सूत्रात न होता वाचनात होतात.

आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी मी एक ओळखीचा चढ निवडला आहे. पळसदरीला रेल्वेचा फाटा फुटतो. एक मार्ग खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला जातो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याला. घाटातला हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. गाडीला मागून इंजिन जोडायला कर्जतला थांबावं लागतं ते याच चढामुळे, हे आपल्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

आलेख असा आहे. आडव्या अक्षावर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचं रेल्वेचं अंतर किलोमीटरमध्ये, १०० पासून १३० पर्यंत. उभ्या अक्षावर समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये, ० पासून ७०० पर्यंत. कर्जत १०० किलोमीटरवर, पळसदरी १०३ च्या आसपास, लोणावळा १२८ वर. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत एक सरळ रेषा काढली आहे. घाटातली खरी चढण अशी एकसारखी नाही, आकडेही शिकवण्यासाठी सोयीचे करून घेतले आहेत. त्याबद्दल पुढे बोलूच.

आधी बिंदू निवडू. बहुतेक मुलं रेषेची दोन टोकं घेतात, कारण ती ठळक दिसतात. पण टोक अक्षावरच्या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी असेल तर त्याची किंमत अंदाजानेच वाचावी लागते. त्यापेक्षा जिथे रेषा जाळीच्या उभ्या-आडव्या रेघांच्या छेदावरून जाते असा बिंदू शोधावा. आपल्या आलेखात ५ किलोमीटरवर आणि २० मीटरवर रेघा आहेत. रेषा (१०५, १००) मधून नेमकी जाते आणि (१२५, ५४०) मधूनही. हे दोन घेऊ.

चढ m = (५४० − १००) ÷ (१२५ − १०५) = ४४० ÷ २० = २२

हे २२ नुसतं लिहून थांबू नका. त्याला एकक आहे, मीटर प्रति किलोमीटर. दर किलोमीटरला गाडी २२ मीटर वर जाते. मुलांना हे एकक वहीत लिहायला लावा, कारण पुढच्या निम्म्या शंका त्यानेच मिटतात.

आता c, म्हणजे रेषा Y-अक्षाला जिथे छेदते तिथली किंमत. वर्गात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. मुलं पट्टी लावून रेषा मागे वाढवतात आणि चित्राच्या डाव्या कडेला ती कुठे भिडते ते बघतात. ती शून्याच्या जराशी खाली, उणे १० च्या आसपास भिडते. मग मुलं लिहितात, y = २२x − १०. चित्राकडे बघून हे अगदी बरोबर वाटतं, पण डावी कड हा Y-अक्ष नाही. Y-अक्ष म्हणजे x = ० ची रेषा, आणि आपल्या चित्राची सुरुवातच x = १०० ला होते. खरा Y-अक्ष पडद्याबाहेर, डावीकडे शंभर किलोमीटरवर आहे.

हे मुलांना पटवायचं तर त्यांच्याच समीकरणात x = १२५ घालायला सांगा. उत्तर येतं २७४० मीटर. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. लोणावळ्याच्या अलीकडे गाडी कळसूबाईच्याही हजार मीटर वर पोचली म्हटल्यावर वर्गात हशा होतो, आणि चूक कुठे झाली ते वेगळं सांगावं लागत नाही.

म्हणून c डोळ्यांनी न वाचता हिशेबाने काढायचा. माहीत असलेला एक बिंदू घ्या:

१०० = २२ × १०५ + c, म्हणून c = १०० − २३१० = −२२१०

समीकरण झालं y = २२x − २२१०. दुसरा बिंदू घालून बघू: २२ × १२५ = २७५०, त्यातून २२१० गेले की ५४०. जुळलं. पण हे दोन्ही बिंदू आपण वापरलेलेच आहेत, त्यामुळे ते जुळल्याने फक्त आकडेमोड बरोबर झाल्याचं कळतं. वाचन बरोबर आहे का, हे तिसरा बिंदूच सांगतो. x = ११५ घेतलं तर समीकरण ३२० म्हणतं. चित्रात ११५ च्या रेघेवर रेषा ३२० ला आहे का, ते पाहा. नसेल तर पहिल्या दोनपैकी एक बिंदू चुकीचा वाचला आहे.

आता एखादी चौकस मुलगी विचारेलच, 'सर, x शून्य ठेवलं तर मुंबई समुद्राच्या २२१० मीटर खाली कशी?' हा प्रश्न आला तर धडा रुळावर आहे असं समजा. आपली रेषा फक्त १०३ ते १२८ किलोमीटरच्या पट्ट्याची आहे. मुंबईपासून पळसदरीपर्यंत रूळ असे चढत नाहीत, तिथे हे समीकरण लागूच नाही. −२२१० ही कुठल्याही जागेची उंची नाही. रेषा कागदावर योग्य जागी बसावी म्हणून आलेला तो आकडा आहे. समीकरणाशेजारी '१०३ ते १२८ साठी' असं लिहायची सवय लावा.

अर्थ असलेला c हवा असेल तर अंतर पळसदरीपासून मोजा. u = x − १०३ घेतलं की तेच समीकरण y = २२u + ५६ होतं. चढ तोच राहिला, पण c आता घाटाच्या पायथ्याची उंची सांगतो, ५६ मीटर. माझं मत विचाराल तर हाच प्रकार मुलांना आधी दाखवावा आणि −२२१० नंतर.

आता स्क्रीनशॉटबद्दल. चित्रात जाळीच्या रेघा नसतील तर बिंदू कसे वाचायचे? चित्र संगणकावर पेंटमध्ये उघडा. माउसचा बाण जिथे असेल तिथली जागा खालच्या पट्टीत पिक्सेलमध्ये दिसते. प्रत्येक अक्षावरच्या दोन खुणा आधी नोंदवा. समजा १०० ची खूण आडवी ८० पिक्सेलवर आणि १३० ची ९८० वर आहे. ३० किलोमीटरला ९०० पिक्सेल, म्हणजे एका किलोमीटरला ३०. उभ्या अक्षावर ० ची खूण ६२० वर आणि ७०० ची ६० वर. ७०० मीटरला ५६० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सव्वा मीटरचा. रेषेवरचा एक बिंदू (२३०, ५४०) पिक्सेलवर दिसला तर:

x = १०० + (२३० − ८०) ÷ ३० = १०५

y = (६२० − ५४०) × १.२५ = १००

इथे एक गंमत लक्षात घ्या. पडद्यावर पिक्सेल वरून खाली मोजतात, म्हणून वरच्या खुणेचा आकडा लहान आहे. थेट पिक्सेलवरून चढ काढला तर तो ऋण येतो आणि गाडी लोणावळ्याला उतरत जाते! वजाबाकी नेहमी शून्याच्या खुणेपासून करायची.

चढ म्हणजे tan θ हे मुलांना माहीत असल्याने काहीजण पडद्यावर कोनमापक लावतात. आपल्या चित्रात रेषा साधारण ३० अंशांवर दिसते. प्रत्यक्षात किलोमीटरला २२ मीटर म्हणजे ०.०२२, आणि तो कोन सव्वा अंशाच्या आसपास आहे. दोन्ही अक्षांची मापं वेगळी असली की दिसणारा कोन निरर्थक असतो. कोणी चित्र उभं ताणलं किंवा दाबलं तर तो आणखी बदलतो. खुणांवरून वाचलेले बिंदू मात्र बदलत नाहीत, कारण खुणाही रेषेबरोबरच ताणल्या जातात. पुस्तकाच्या पानाचा तिरका काढलेला फोटो असेल तर मात्र हा आधार जातो. आधी तो सरळ करून घ्या.

बिंदू एकमेकांपासून किती लांब घ्यावेत? समजा प्रत्येक वाचनात ५ मीटरची चूक होते, म्हणजे जेमतेम चार पिक्सेल, बोटभर रुंद रेषेत सहज होणारी. दोन्ही चुका उलट दिशांना झाल्या तर फरक १० मीटरचा पडतो. बिंदू २० किलोमीटर लांब असतील तर चढात अर्ध्याचा फरक, २२ चा २२.५ होईल. बिंदू २ किलोमीटरच लांब असतील तर फरक ५ चा, २२ चा २७ होईल. आणि c चं काय? चढात अर्ध्याची चूक झाली तरी x = ० पर्यंत १०५ किलोमीटर मागे जाताना ती पन्नास मीटरहून मोठी होते. पळसदरीपासून मोजलं तर मागे जायचं अंतर दोनच किलोमीटर, म्हणून तीच चूक तिथे एक मीटरची राहते.

आता खऱ्या घाटाकडे येऊ. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. किलोमीटरला हे जवळपास २७ मीटर होतात. बाकी ठिकाणी चढ याहून कमी आहे, म्हणून सरासरी २२ च्या आसपास येते. खऱ्या उंचीचा आलेख तुटक-तुटक रेषांचा दिसेल. त्यातल्या तीव्र तुकड्यावरचे दोन जवळचे बिंदू घेऊन २७ चा चढ सगळ्या २५ किलोमीटरला लावला तर लोणावळा ७३१ मीटरवर जातं. प्रत्यक्षात ते सव्वासहाशेच्या आत आहे. अशा आलेखाला एक समीकरण पुरत नाही. प्रत्येक तुकड्याचं वेगळं लिहावं लागतं, नाहीतर 'सरासरी' हा शब्द जोडावा लागतो.

गृहपाठाला याच चित्रावर खोपोलीची शाखा काढायला द्या. ती घाट न चढता पायथ्याशीच राहते, म्हणून तिची रेषा जवळजवळ आडवी येईल आणि चढ शून्याच्या जवळ. मग मुलांना विचारा, या रेषेचा c मुंबईपासून मोजला काय आणि पळसदरीपासून मोजला काय, जवळपास तेवढाच का राहतो?