डेटाबेस रांगतोय? मोठा सर्व्हर घेण्याआधी डिस्क पाहा

रात्री दहाला महिनाअखेरचा रिपोर्ट सुरू होतो. तासभर सगळं सुरळीत चालतं आणि सव्वाअकराच्या सुमारास, एका सेकंदात येणारी क्वेरी अर्धा-अर्धा मिनिट घेऊ लागते. सीपीयू मात्र जवळजवळ रिकामा. डेटाबेस ॲमेझॉनच्या gp2 डिस्कवर असेल तर आधी क्लाउडवॉचमध्ये त्या व्हॉल्यूमचा `BurstBalance` उघडा. शंभर टक्क्यांवरून उतरत तो शून्याला टेकला असेल, तर दुखणं सापडलं.

gp2 डिस्कचा हक्काचा वेग तिच्या आकारावर ठरतो: दर जीबीमागे सेकंदाला 3 वाचन-लेखनं, म्हणजे 3 आयओपीएस. 100 जीबीला मिळतात 300. त्यावर 54 लाख क्रेडिटची शिल्लक असते. ती असेपर्यंत डिस्क 3000 पर्यंत धावते. आपला रिपोर्ट 1500 मागत असेल तर दर सेकंदाला 1200 क्रेडिट घटतात आणि 75 मिनिटांत खातं रिकामं होतं. मग 300 वर बसावं लागतं. डिस्क पूर्ण निवांत राहिली तरी खातं पुन्हा भरायला 5 तास लागतात. चाचणीत सगळं झकास आणि खऱ्या कामात कोंडी होते ती यामुळेच: चाचणी सहसा दहा मिनिटांत आटोपते.

आता खर्च. पुढचे दर व्हर्जिनिया विभागातले आहेत. मुंबईचे थोडे जास्त, म्हणून बिलाआधी आपल्या विभागाचे पाहून घ्या. 100 जीबी gp2 ला महिना 10 डॉलर पडतात. कायमचे 3000 आयओपीएस हवेत म्हणून पूर्वी लोक डिस्क 1000 जीबीची करत, म्हणजे 100 डॉलर. ही वाट मी कुणालाच सुचवणार नाही, कारण वाढवलेली डिस्क लहान करता येत नाही. io1 घेतली तर 3000 आयओपीएससह 207 डॉलरच्या वर जाते. डिसेंबर 2020 मध्ये आलेली gp3 मात्र 8 डॉलरला पडते, आणि 3000 आयओपीएस त्यातच येतात, क्रेडिटची भानगड नाही. 5000 हवे असतील तर वरच्या 2000 चे 10 डॉलर, एकूण 18.

बदल चालू डिस्कवरच होतो, डेटाबेस बंद करावा लागत नाही:

```
aws ec2 modify-volume --volume-id vol-… --volume-type gp3
```

एक सांभाळा. 334 जीबी किंवा त्याहून मोठी gp2 सेकंदाला 250 एमबीपर्यंत डेटा वाहते, तर gp3 मुळात 125. डिस्क मोठी असेल तर उरलेले 125 वेगळे मागा, महिना 5 डॉलर. नाहीतर बॅकअप आधीपेक्षा हळू चालेल.

आणि `BurstBalance` भरलेला असूनही डेटाबेस रांगत असेल, तर डिस्क बदलून पैसे वाया घालवू नका. लहान सर्व्हरला डिस्कपर्यंतच्या वाहतुकीची स्वतःची मर्यादा असते. तिथे `EBSIOBalance%` पाहा. तोही ठीक असेल तर त्या रिपोर्टची क्वेरी इंडेक्सविना अख्खं टेबल वाचत नाही ना, हे तपासा.