करिअर पानावर आलेला बायोडाटा जातो कुठे?

समजा, एका छोट्या कंपनीला आपल्या वेबसाइटवर 'करिअर' पान जोडायचंय. पदाचं नाव, काम, पात्रता, शेवटची तारीख आणि बायोडाटा जोडण्याचा फॉर्म टाकला की पान तयार होतं. पण तो बायोडाटा साठतो कुठे, हे आधी पाहावं.

वर्डप्रेसवर अपलोड केलेल्या फाइल्स साधारणपणे `wp-content/uploads` या फोल्डरमध्ये जातात. वेबसाइटवरचे फोटो सर्वांना दिसावेत म्हणून तो उघडा असतो. काही फॉर्म बायोडाटाही तिथेच ठेवतात. मग लिंक हाती लागली की कोणीही उमेदवाराचा पत्ता, फोन, जन्मतारीख वाचू शकतो.

तुम्ही स्वतः तपासून पाहा. खोटी माहिती असलेला बायोडाटा जोडून अर्ज भरा. आलेल्या फाइलची लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडा. लॉगिन न मागता फाइल उघडली, तर दाराला कुलूप नाही असं समजा. वेबसाइट बनवणाऱ्याला सांगा, की अर्जाच्या फाइल्स `public_html` च्या बाहेर ठेवा आणि लॉगिन केल्यावरच उघडू द्या.

आणि हो, अर्जात आधार क्रमांक मागूच नका. जे घेतलंच नाही, ते फुटणार कसं? भरती संपली की निवड न झालेल्यांचे अर्ज काढून टाका. ई-मेलमध्ये आलेल्या प्रतीसुद्धा.