समोसा खुसखुशीत कसा होतो?

समोसा तुम्ही अनेकदा खाल्ला असेल. एखादा समोसा दाताखाली येताच चुरतो. उर्दूत आपण त्याला 'खस्ता' म्हणतो, मराठीत 'खुसखुशीत' म्हणतात. एखाद्या समोशावर मात्र फोड आलेले असतात. तो बाहेरून लाल दिसतो, पण तोडला की आतले पीठ पांढरे आणि चिकट निघते. दोघांचा मैदा एकच, मसालाही एकच. मग फरक कशाने पडतो? बहुतेक वेळा तो तेलाच्या उष्णतेने पडतो.

समोशाची पारी पुरीपेक्षा जाड असते. तेलाची उष्णता तिच्या आतपर्यंत जायला वेळ लागतो. तेल फार तापलेले असेल, तर पारीच्या वरच्या थरातील पाण्याची झटकन वाफ होते. तोवर वरचा थर कडक होऊ लागलेला असतो. वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती त्या थराला वर उचलते आणि फोड येतात. दोन-तीन मिनिटांत रंग चढतो, आपण समोसा बाहेर काढतो आणि आतले पीठ कच्चेच राहते. थोड्या वेळाने आतला ओलावा बाहेर येतो आणि समोसा मऊ पडतो.

तेल बेताचे गरम असेल, तर पाणी हळूहळू निघून जाते. पारी आतपर्यंत शिजते, कोरडी होते आणि मगच तिला रंग येतो.

आता समजा, तुमच्या घरी 12 समोसे करायचे आहेत. त्यासाठी 250 ग्रॅम मैदा, चवीपुरते मीठ, थोडा ओवा आणि 4 मोठे चमचे तूप किंवा तेल घ्या. पिठात घातलेल्या या तुपाला किंवा तेलाला 'मोहन' म्हणतात. ते पिठाला चांगले चोळा. पीठ मुठीत दाबल्यावर त्याचा मुटका झाला पाहिजे. मग थोडे थोडे पाणी घालून घट्ट पीठ मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. त्याचे 6 गोळे करा. प्रत्येक गोळा लाटून मधोमध कापा. एका गोळ्याचे दोन समोसे होतील. सारण पूर्ण थंड झाल्यावरच भरा आणि कडा पाण्याचे बोट लावून घट्ट दाबा. कड उघडी राहिली, तर सारण तेलात पडते आणि तेल उडते.

कढईतील तेल मंद आचेवर तापवा आणि त्यात पिठाची छोटी गोळी टाका. गोळी लगेच उसळून वर आली, तर तेल फार तापले आहे. गॅस बंद करून थोडे थांबा. गोळी तळाशीच पडून राहिली आणि बुडबुडे आले नाहीत, तर तेल थंड आहे. अशा तेलात समोसा तेलकट होतो. गोळी काही क्षण तळाशी राहून, बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आली, तर तेल योग्य आहे.

अशा तेलात एका वेळी 4 समोसे सोडा. सुरुवातीला ते हलवू नका. पारी जराशी घट्ट झाली की अलगद उलटा. 12 ते 15 मिनिटांत ते फिकट सोनेरी होतील आणि बुडबुडे कमी होतील. पाणी निघून गेल्याची ती खूण आहे. पहिला घाणा काढल्यावर तेल जास्त तापलेले असते. म्हणून दुसऱ्या घाण्याआधी तेल थोडे निवू द्या आणि पुन्हा गोळी टाकून पाहा. पहिला घाणा चांगला आणि दुसरा फोडांचा, असे होते ते याच घाईमुळे. तळताना घरातील मोठे माणूस जवळ असू द्या.

पीठ सैल असेल किंवा मोहन कमी पडले असेल, तर मंद आचेवरही फोड येतात. ती चूक कढईत सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रमजानमध्ये अनेक घरी खिम्याचे पट्टी समोसे करतात. त्यांची पट्टी फार पातळ असते आणि ती आधीच तव्यावर किंचित शेकलेली असते. सारणातील खिमाही शिजवलेला असतो. म्हणून ते मध्यम गरम तेलात थोड्याच मिनिटांत तळून होतात. मंद तेलात ते उगाच तेल पितात.

शब्दार्थ
पारी – समोशाचे पिठाचे आवरण
सारण – आत भरायचा मसाला
घाणा – एका वेळी तळलेले पदार्थ
निवणे – थंड होणे

स्वाध्याय
1. समोशावर फोड का येतात?
2. तेल योग्य तापले आहे, हे कसे ओळखाल?
3. पट्टी समोसा मंद तेलात का तळत नाहीत?