नकाशात न दिसणारे सव्वापाच मीटर

ये, बस जरा. तुझा अंदाज पाहिला काल रात्री. पट्टी नीट लावली आहेस, आकडेही स्वच्छ आहेत, पण पाईप 8.4 मीटर कसा काय आला? अगं, तू फक्त आडवं मोजलंयस. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली खोली. स्लॅबमधून बोर्डापर्यंत खाली उतरणारा पाईप त्यात एका ठिपक्याएवढाच दिसतो.

मीही पहिल्या कामात हेच केलं होतं. वायर ओढताना ट्यूबचा न्यूट्रल दीड हात कमी पडला. वायरमन म्हणाला, "ताई, पाईपातच जोड मारून टाकतो." मी नको म्हटलं. पाईपात जोड तापला, सुटला तर तो सापडतही नाही. जोड बॉक्समध्येच हवा, जिथे झाकण काढून बघता येतं. मग सगळी वायर काढून नवीन ओढली. ते पैसे माझ्या खिशातून गेले, म्हणून तुला एवढं सांगतेय.

तुझीच खोली घेऊ. चार बाय तीन मीटर, उंची तीन मीटर, नकाशा 1:50. पट्टी लावायच्या आधी चार मीटरची भिंत मोजून बघ. ती 8 सेंटिमीटर भरली पाहिजे. दुकानातून प्रिंट काढताना पानात बसवायला नकाशा लहान केलेला असतो आणि खाली 1:50 तसंच छापलेलं राहतं. भिंत साडेसात भरली, तर पुढची सगळी मापं चुकणार.

आता उंची. बोर्ड जमिनीपासून 1.3 मीटरवर, म्हणजे स्लॅबपासून खाली 1.7. ट्यूब 2.4 वर, म्हणजे उतार 0.6. पॅसेजमधल्या डीबीचा वरचा काठ 1.8 वर, म्हणजे तिथून वर चढायला 1.2. हे आकडे नकाशाच्या कडेला पेन्सिलने लिहूनच ठेव, मग विसरायला होत नाही.

डीबी ते बोर्ड नकाशात 8 सेंटिमीटर, म्हणजे 4 मीटर. त्यात चढ 1.2 आणि उतार 1.7 मिळव, 6.9 झाले. बोर्डापासून मधल्या फॅन बॉक्सपर्यंत तिरकं 4.8 सेंटिमीटर, म्हणजे 2.4 मीटर. स्लॅबमध्ये पाईप तिरका सरळ नेता येतो, भिंतीला धरून काटकोनात मोजू नकोस. त्यात 1.7 घाल, 4.1. फॅन बॉक्स ते समोरच्या भिंतीवरची ट्यूब 2 अधिक 0.6, म्हणजे 2.6. एकूण 13.6 मीटर. तुझ्या आकड्यापेक्षा 5.2 मीटर जास्त, आणि ते सगळे उभेच!

वायर मोजताना मात्र पाईपाच्या लांबीला सरसकट तीनने गुणू नकोस. प्रत्येक तुकड्यात किती वायरी जातात ते वेगळं बघ. डीबीपासून बोर्डापर्यंत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन, म्हणजे 20.7 मीटर. बोर्डापासून फॅनपर्यंत चार, कारण फॅन आणि ट्यूब या दोघांचा स्विचमधून आलेला फेज वेगवेगळा. न्यूट्रल आणि अर्थिंग दोघांत सामाईक. ते 16.4. फॅन बॉक्सच्या पुढे फक्त ट्यूबच्या तीन, 7.8. बेरीज 44.9.

आता ही बेरीज रंगांनी पडताळून बघ. लाल 17.7, काळी 13.6, हिरवी 13.6. काळी आणि हिरवी बरोबर पाईपाएवढी आली ना? यायलाच हवी, कारण त्या प्रत्येक पाईपातून जातात. नाही आली, तर कुठला तरी तुकडा सुटला असं समज. टू-वे स्विचचा पाईप असला, तर मात्र त्यात नुसते फेजच असू शकतात, तिथे हा ताळा लागू होत नाही.

टोकांना प्रत्येकी वीतभर वायर सोड. इथे डीबी, बोर्ड, फॅन आणि ट्यूब मिळून अठरा टोकं होतात. वीस सेंटिमीटरने 3.6 मीटर. म्हणजे 48.5, आणि वर दहा टक्के वाया जाणं धरलं की 53 च्या पुढे. पाईपच्या तीन मीटरच्या पाच लेंथ पुरतील. बेंड आणि कपलर वेगळे मोज. एसीचा पाईप डीबीपासून स्वतंत्र आणि वायर जाड, तो या हिशेबात मिसळू नकोस.

आणि एकाच खोलीवरून वायरची खरेदी ठरवू नकोस. बंडल 90 मीटरचं येतं आणि एका रंगाचं येतं. सगळ्या खोल्यांची लाल एका रकान्यात, काळी दुसऱ्या, हिरवी तिसऱ्या रकान्यात लिही आणि मग प्रत्येकीला 90 ने भाग. चल, दुसरी खोली काढ. आधी कडेला उंची लिही, मग पट्टी उचल.